‘जमलं नाही’ आणि ‘आले नाही’ : एका माफीपत्राचे तीन खर्डे



निवेदन लिहायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. विषय, संदर्भ, मागण्या, खाली सह्या आणि ‘प्रत माहितीस्तव’. दहा-बारा वर्षं कामात असलेल्या कार्यकर्त्याचा हात या साच्यावर इतका बसलेला असतो की डोळे मिटून दोन पानं लिहून होतात. अडचण तेव्हा येते, जेव्हा त्याच हाताने आपल्या जवळच्या माणसाला माफीचं पत्र लिहायचं असतं. हात आपल्या सवयीनं निवेदनच लिहितो. वाचणाऱ्या माणसाला ते पहिल्या ओळीत कळतं, लिहिणाऱ्याला मात्र शेवटपर्यंत कळत नाही.

आमच्या अभ्यासगटातल्या एका सहकारीने असं एक पत्र आमच्यासमोर ठेवलं. तिची सर्वांत जवळची मैत्रीण अकोल्याला लग्न करून मोकळी झाली होती आणि आमची सहकारी त्या लग्नाला गेली नव्हती. महिना उलटला. मैत्रिणीचा फोन नाही, मेसेजला उत्तर नाही. ‘पत्र लिहिलंय, पण पाठवायला धीर होत नाही. पाठ केलेलं वाटतंय. जरा बघा,’ असं तिचं म्हणणं होतं. पुढच्या तीन बैठकांत त्या पत्राचे तीन खर्डे झाले. तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील गाळून ते इथे मांडतो आहोत. कारण ही अडचण तिच्या एकटीची नाही.

लग्न कसलं होतं

आधी हे समजून घेतलं पाहिजे, नाहीतर पत्राचं मोल कळणार नाही. हे पाचशे पानांचं, मंडपाचं लग्न नव्हतं. मुलगा वेगळ्या जातीतला. विशेष विवाह कायदा, 1954 खाली नोंदणी. या कायद्यात आधी विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशा जागी लावली जाते आणि आक्षेपासाठी 30 दिवस थांबावं लागतं. ते 30 दिवस ज्यांनी काढलेत त्यांना विचारा. नोटीस कुणीतरी वाचतं, घरी बातमी जाते, फोन सुरू होतात. या मैत्रिणीच्या बाबतीतही तेच झालं. तिच्या घरचे येणार नाहीत, हे दुसऱ्याच आठवड्यात स्पष्ट झालं.

लग्नाच्या दिवशी कायद्याला तीन साक्षीदार लागतात. वधू, वर आणि हे तिघं विवाह अधिकाऱ्यासमोर घोषणापत्रावर सह्या करतात. मग दोघांनी एकमेकांचा पती-पत्नी म्हणून स्वीकार केल्याचे शब्द विवाह अधिकारी आणि तिघा साक्षीदारांच्या समक्ष उच्चारायचे असतात. त्यानंतर प्रमाणपत्राच्या नोंदीवर पुन्हा दोघांच्या आणि तिघांच्या सह्या. म्हणजे साक्षीदार हा नुसता सही ठोकणारा माणूस नसतो. ते शब्द ऐकण्यासाठी कायद्यानेच त्याला तिथे उभं केलेलं असतं. मंत्र, मुहूर्त, मामा, कन्यादान यातलं काहीच नसलेल्या या लग्नात समाज म्हणून जे कोण हजर असतं, ते हे तिघं.

त्या तिघांपैकी दोघं मुलाचे मित्र होते. तिसरी आमची सहकारी. मुलीच्या बाजूचं तेवढं एकच माणूस.

ती गेली नाही. त्याच शुक्रवारपासून पुण्यात एका संघटनेचं तीन दिवसांचं शिबीर होतं आणि नावनोंदणीची जबाबदारी तिच्याकडे होती. त्या शिबिरात आंतरजातीय विवाहावरही एक सत्र होतं, हे तिनं आम्हाला दुसऱ्या बैठकीत, खाली मान घालून सांगितलं.

पहिला खर्डा

तिनं लिहून आणलेलं पत्र असं होतं :

‘सप्रेम जयभीम. सर्वप्रथम तुझे व तुझ्या जोडीदाराचे मनःपूर्वक अभिनंदन आणि भावी सहजीवनासाठी मंगलकामना. काही अपरिहार्य कारणास्तव मला तुझ्या विवाहास उपस्थित राहणे शक्य झाले नाही, याबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करते. शिबिराची जबाबदारी ऐन वेळी दुसऱ्या कुणावर सोपवता आली नाही. चळवळीचे काम किती महत्त्वाचे असते हे तुला वेगळे सांगायला नको. शरीराने नसले तरी मनाने मी तिथेच होते. माझ्या अनुपस्थितीमुळे तुला वाईट वाटले असल्यास मोठ्या मनाने माफ करशील, ही खात्री आहे.’

आम्ही ते मोठ्यानं वाचलं आणि एक साधी गोष्ट केली. वरचं नाव झाकलं. मग विचारलं, हे पत्र दुसऱ्या कुणाच्या लग्नाबद्दल, दुसऱ्या कुणाला पाठवता येईल का? येईल. चुलत बहिणीला पाठवता येईल, कार्यालयातल्या साहेबांना पाठवता येईल. एक शब्द बदलावा लागणार नाही. पाठ केलेली माफी ओळखायची याहून सोपी खूण आम्हाला माहीत नाही. जे पत्र कुणालाही चालतं, ते कुणालाच लिहिलेलं नसतं.

दुसरी खूण क्रियापदात आहे. ‘उपस्थित राहणे शक्य झाले नाही.’ ‘सोपवता आली नाही.’ बोलताना आपण म्हणतो, ‘मला यायला जमलं नाही’, ‘राहून गेलं’, ‘येणंच झालं नाही’. या वाक्यांत माणूस कर्ता म्हणून दिसतच नाही. ‘मला जमलं नाही’ मधली ‘मला’ ही करणारी नाही, तिच्यावर काहीतरी येऊन पडलंय. पाऊस पडला, वीज गेली, तसं येणं झालं नाही. रोजच्या व्यवहारात ही सोय चांगली आहे. किराणा आणायचा राहिला तर ‘राहून गेलं’ म्हणायला काही हरकत नाही. पण जिथं समोरच्या माणसाला नेमकं हेच विचारायचं असतं की, ‘तू का आली नाहीस?’, तिथं ‘जमलं नाही’ हे उत्तर म्हणजे प्रश्न ऐकूच न येणं. आम्ही सहकारीला सांगितलं, फक्त एवढं वाक्य बदल : ‘मी आले नाही.’ तिनं ते लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाली, ‘हे वाक्य फार उघडं वाटतंय.’ वाटणारच. कपडे त्या ‘अपरिहार्य कारणास्तव’नं घातले होते.

तिसरी गोष्ट कारणांची. समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात स्कॉट आणि लायमन यांचा 1968 चा एक लेख असतो, माणसं आपल्या वागण्याचा खुलासा कसा करतात याबद्दलचा. त्यांनी खुलाशाचे दोन प्रकार केलेत. एकात माणूस म्हणतो, झालं ते वाईट, पण त्याला मी जबाबदार नाही. ही सबब. दुसऱ्यात म्हणतो, जबाबदार मीच, पण जे केलं ते वाईट नव्हतं. हे समर्थन. सहकारीचं पत्र त्यापुढे ठेवून बघा. ‘ऐन वेळी सोपवता आली नाही’ ही सबब. ‘चळवळीचे काम किती महत्त्वाचे’ हे समर्थन. एकाच पत्रात दोन्ही आहेत, आणि दोन्ही एकत्र ठेवल्यावर माफी मागण्यासारखं काही शिल्लकच राहत नाही. ना तिचा दोष, ना झालेलं वाईट. मग दिलगिरी कशाची?

शिवाय ती सबब खरीही नव्हती. 30 दिवसांच्या नोटिशीचं लग्न ‘ऐन वेळी’ येत नाही. तारीख दोघींनी मिळून ठरवली होती. शिबिराच्या नोंदणीला आणखी दोन जणी होत्या. ‘त्यांना विचारलं होतंस?’ असं आम्ही विचारलं. ‘नाही.’ ‘का?’ बराच वेळ गेला. मग ती म्हणाली, ‘मला वाटलं, साक्षीदार काय, कुणीही मिळेल.’

पत्रातलं पहिलं खरं वाक्य ते होतं, आणि ते पत्रात नव्हतं.

समर्थनाबद्दल मात्र आपल्याला जरा जास्त बोललं पाहिजे, कारण ते आपल्या सगळ्यांच्या खिशात असतं. चळवळीचं काम हे उत्तर असं आहे की त्यावर समोरच्याला बोलताच येत नाही. बोललं तर तो चळवळीच्या विरोधात. आईचं आजारपण, भावाचं लग्न, मुलाचा निकाल, सगळ्याला हे एकच उत्तर चालतं. त्या मैत्रिणीला तर ते आणखीच बोचणारं होतं. बाबासाहेबांनी 1936 साली ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ मांडताना आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय आहे असं लिहून ठेवलं. ती मुलगी शुक्रवारी सकाळी अकोल्यात तेच करत होती, तेही घरच्यांशिवाय. मग त्या दिवशी चळवळ कुठं होती? पुण्याच्या सभागृहात की अकोल्याच्या त्या बाकावर? आमच्या मते शिबिराला कमी लेखायची गरज नाही. पण मैत्रिणीसमोर ‘चळवळ’ हा शब्द ढाल म्हणून धरायचा अधिकार त्या दिवसापुरता आमच्या सहकारीला नव्हता. तो शब्द आम्ही पत्रातून काढायला लावला.

दुसरा खर्डा

पुढच्या आठवड्यात ती नवं पत्र घेऊन आली. यात सबब नव्हती, समर्थन नव्हतं. पण हे दुसऱ्या टोकाचं होतं. ‘मी किती स्वार्थी आहे. मी मैत्रीण म्हणवून घ्यायच्या लायकीची नाही. महिनाभर मला झोप नाही. आरशात तोंड बघवत नाही. तू मला माफ केलं नाहीस तर मी स्वतःला कधीच माफ करू शकणार नाही.’ चौदा वाक्यं. बहुतेक सगळी ‘मी’नं सुरू होणारी.

हे पत्र तिला आधीच्यापेक्षा खरं वाटत होतं, कारण लिहिताना ती रडली होती. रडू खरं होतं, यात शंका नाही. पण पत्र वाचणारीच्या बाजूनं बघा. लग्न तिचं, एकटं उभं राहावं लागलं तिला, आणि आता हे पत्र वाचून धीरही तिनंच द्यायचा. ‘अगं असं काय बोलतेस, तू चांगलीच आहेस’ असं म्हणण्यावाचून तिच्यापुढे दुसरा रस्ता ठेवलेला नाही. पहिल्या पत्रात तिची समजूत गृहीत धरली होती, दुसऱ्यात तिचं सांत्वन. दोन्हीत तिचं काय झालं, याबद्दल एक शब्द नाही.

अर्व्हिंग गॉफमननं 1971 च्या ‘रिलेशन्स इन पब्लिक’ या पुस्तकात माफीबद्दल एक महत्त्वाचं निरीक्षण मांडलंय. माफी मागताना माणूस स्वतःचे दोन भाग करतो : एक, ज्यानं चूक केली तो; आणि दुसरा, जो त्या चुकीला चूक म्हणतो आणि नियमाच्या बाजूनं उभा राहतो. माफी चालते ती दुसरा भाग शाबूत असल्यामुळे. ‘मी कशाच्याच लायकीची नाही’ म्हटलं की तो दुसरा भागही आपण पाडून टाकतो. मग उभं राहून पुढचं काही करायला माणूसच उरत नाही. म्हणून स्वतःला झोडपणं ही जास्त मोठी माफी नाही. ती कमी माफी आहे.

या बैठकीत आम्ही तिला एक प्रश्न विचारला, आणि सगळं पत्र त्या प्रश्नावर फिरलं : ‘त्या दिवशी अकोल्यात नेमकं काय झालं?’

तिला माहीत नव्हतं. महिनाभर ती रात्री जागी होती, दोन पत्रं लिहून झाली होती, पण ती न गेल्यामुळे तिथं काय घडलं हे तिनं कुणालाच विचारलं नव्हतं. विचारायची भीती वाटत होती. जे झालं ते माहीत नसताना मागितलेली माफी ही पाठ केलेलीच असणार, कारण तिला धरायला हकिगतच नाही. भावना कितीही असली तरी तिला तपशील लागतो. आम्ही म्हटलं, पत्र बाजूला ठेव. आधी दुसऱ्या साक्षीदाराला फोन कर.

सुधम्म आणि चित्त

इथं विनयातली एक गोष्ट आम्हाला आठवली. ‘चुल्लवग्गा’त ती आहे. मच्छिकासंड गावी चित्त नावाचा गृहपती राहत होता आणि तिथल्या विहारात सुधम्म नावाचा भिक्खू. चित्तानं सारिपुत्त, मोग्गल्लान आदी थेरांना भोजनाचं निमंत्रण दिलं, पण आधी सुधम्माला विचारलं नाही. सुधम्माचा मान दुखावला. त्यानं चित्ताच्या घरी जाऊन, मांडलेलं जेवण बघून तिळाच्या पदार्थावरून त्याला टोमणा मारला. गोष्ट बुद्धांपर्यंत गेली. भिक्खू मोठा आणि गृहस्थ लहान, असा हिशेब बुद्धांनी केला नाही. सुधम्मानं परत मच्छिकासंडला जाऊन चित्ताची क्षमा मागायची, असा निर्णय झाला. संघाच्या या कार्यवाहीला पटिसारणीय कम्म म्हणतात.

पुढचा भाग आमच्या विषयाचा आहे. सुधम्म गेला, पण तिथं पोचल्यावर त्याला इतकी लाज वाटली की क्षमा न मागताच तो परत आला. तेव्हा संघानं त्याला रागे भरून सोडून दिलं नाही. त्याच्यासोबत एक भिक्खू दिला, अनुदूत म्हणून. अनुदूतानं काय करायचं हेही ठरलेलं आहे. आधी ज्याची चूक त्यानंच क्षमा मागायची. गृहस्थानं नाही दिली, तर मग सोबत्यानं त्याच्यासाठी शब्द टाकायचा. म्हणजे तोंड उघडायचं काम चुकणाऱ्याचंच. सोबती फक्त त्याला वाटेवरून परत फिरू देत नाही. आणि गृहस्थ क्षमा करीलच, असं कुठंही धरलेलं नाही. नाही केली तर काय, याचीही सोय तिथं आहे.

आम्ही आमचं काम एवढंच मानलं. पत्रातलं एकही वाक्य आम्ही लिहून दिलं नाही. प्रश्न विचारले आणि खोडायला लावलं.

तिसरा खर्डा

साक्षीदाराला फोन झाला. जे कळलं ते पुढच्या पत्रात आहे. हे पत्र तिनं हातानं लिहिलं :

‘तुझ्या लग्नाला मी आले नाही. गुरुवारी रात्रीची गाडी मी सोडून दिली.

परवा मी फोन करून त्या दिवशीचं विचारलं. महिनाभर विचारलं नव्हतं. तू सकाळी साडेदहापासून कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून होतीस. दीड वाजेपर्यंत तू कुणाला आत जाऊ दिलं नाहीस, कारण मी येतेय असं तू सगळ्यांना सांगत होतीस. मग त्यांच्या ऑफिसमधल्या एकाला बोलावून घेतलं आणि माझ्या जागी त्यानं सही केली. तू त्याला त्या दिवशी पहिल्यांदा बघितलंस.

तू मला चार फोन केलेस. फोन माझ्या हातात होता. तुझं नाव दिसत होतं. मी उचलला नाही, कारण मी निघालेच नाही हे मला तुला सांगावं लागलं असतं.

शिबिराला माझ्यावाचून चाललं असतं. मी कुणाला विचारलंही नाही. मला वाटलं, तीन सह्या हव्यात, कुणीतरी मिळेल. नोटीस लागली त्या रात्री तू मला म्हणाली होतीस की माझ्याकडचं एक तरी माणूस पाहिजे. मी हो म्हटलं होतं. तुला सही नको होती, हे मला माहीत होतं.

त्या कागदावर माझं नाव आता कधीच येणार नाही. तू ते शब्द बोललीस तेव्हा तुझ्या बाजूला तुझं कुणी नव्हतं, आणि ती जागा माझी होती. मी तुझी माफी मागते.

तुला याचं उत्तर द्यायची इच्छा नसेल तर देऊ नकोस. येत्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी मी अकोल्याला येणार आहे, रजा टाकली आहे. तुझ्या घरी यायचं की नाही ते तू ठरव. नको म्हणालीस तर येणार नाही, आणि त्यावरून पुन्हा तुला विचारणार नाही.’

या पत्रात काय नाही ते आधी बघा. अभिनंदन नाही. ते आता तिच्या तोंडी शोभलं नसतं, पुढे कधीतरी शोभेल. ‘मनाने तिथेच होते’ नाही, कारण ती मनानंही तिथं नव्हती. ‘वाईट वाटले असल्यास’ नाही. हे ‘असल्यास’ आपल्या सार्वजनिक माफ्यांतून घरात आलेलं आहे. त्यात दोष ऐकणाऱ्याच्या हळवेपणावर ढकललेला असतो. ‘समजून घे’ नाही, ‘आपली मैत्री’ नाही, जुन्या वसतिगृहातल्या आठवणी नाहीत. सहकारीनं आठवणींचा एक परिच्छेद लिहिला होता, छान होता. आम्ही विचारलं, हा कुणासाठी आहे? तिनं स्वतःच खोडला. आठवणी इथं लाच झाल्या असत्या.

आणि काय आहे? क्रियापदं आहेत. ‘आले नाही’, ‘सोडून दिली’, ‘उचलला नाही’, ‘विचारलंही नाही’. प्रत्येकाला कर्ता आहे. चार फोन आहेत. साडेदहा ते दीड आहे. फोनचं वाक्य आधी ‘फोन सायलेंटवर राहिला’ असं होतं. बैठकीत आम्ही काही म्हणायच्या आत तिनंच ते बदललं. आमच्या मते सगळं पत्र त्या एका दुरुस्तीवर उभं आहे. मैत्रिणीला ही गोष्ट दुसऱ्या कुणाकडून कधीच कळली नसती. जी गोष्ट सांगितल्यावर आपली बाजू आणखी पडकी होते, ती आपण आपणहून सांगतो, तेव्हा वाचणाऱ्याला उरलेल्या पत्रावर विश्वास ठेवायला आधार मिळतो.

शेवटचा परिच्छेदही मुद्दाम तसा आहे. ‘कधीही काही लागलं तर सांग’ हे वाक्य ऐकायला मोठं, पण त्यात सांगायचं काम पुन्हा तिच्यावर. त्याऐवजी दिवस दिला, रजा टाकली, आणि नाही म्हणायची वाट मोकळी ठेवली. नाही म्हणता येत नसेल तर ते विचारणं नसतं.

तीनदा लिहिलेलं पत्र खरं कसं?

बैठकीत एकानं रास्त प्रश्न काढला. पाच जणांनी बसून, तीन वेळा खोडून लिहिलेलं पत्र, त्याला मनापासूनचं कसं म्हणायचं? मनात आलं ते लिहिलं असतं तर ते जास्त खरं नसतं का?

आमचं उत्तर असं आहे. मनात पहिल्यांदा आलं ते पहिलं पत्र होतं, आणि तेच सर्वांत पाठ केलेलं होतं. आपल्या मनात आपोआप येणारी भाषा ही आपली असतेच असं नाही. ती सभेची असते, कार्यालयाची असते, लग्नपत्रिकेची असते, हल्ली मोबाईलवरच्या तयार मेसेजची असते. ती आधी येते कारण ती वापरून गुळगुळीत झालेली आहे. आपलं वाक्य तिच्याखाली असतं आणि त्याला उशीर लागतो. पुन्हा लिहिताना जर शब्द सुंदर होत चालले, तर ती तालीम. पुन्हा लिहिताना जर लपवलेल्या गोष्टी बाहेर येत गेल्या, तर ती दुरुस्ती. तिन्ही खर्डे शेजारी ठेवून एवढंच बघायचं : प्रत्येक वेळी काय वाढलं, विशेषण की हकिगत?

याला मर्यादाही आहेत. एवढं उघडं पत्र फक्त तिथंच लिहावं, जिथं नातं ते पेलण्याइतकं जवळचं आहे. दूरच्या ओळखीच्या लग्नाला गेलो नाही, तर ‘जमलं नाही, अभिनंदन’ हेच सभ्यपणाचं. तिथं चार परिच्छेदांची हकिगत सांगणं म्हणजे समोरच्यावर ओझं. आणि जे घडलं ते भरून काढणं पत्राच्या हातात नसतं. प्रमाणपत्रावरची सही बदलत नाही. चांगलं लिहिलं म्हणून उत्तर आलंच पाहिजे, असा हिशेब धरला की पत्र पुन्हा मागणी होतं, निवेदन होतं.

उत्तर नवव्या दिवशी आलं. मोबाईलवर, दोन ओळी. माफ केलं असं त्यात नव्हतं. ‘चार नाही, सहा फोन केले होते. शनिवारी ये, पण बोलेनच असं नाही.’

सहकारी ते वाचून खचली. आम्हाला मात्र ते उत्तर पुरेसं वाटलं. पहिल्या पत्राला फार तर ‘इट्स ओके’ आलं असतं आणि दोघींचं बोलणं तिथंच संपलं असतं. या पत्रातला आकडा मैत्रिणीनं दुरुस्त केला. आपल्याला झालेल्या त्रासाची बेरीज कुणीतरी मांडायला घेतली आहे, हे तिला दिसलं, आणि ती चुकीची राहू नये असं तिला वाटलं. शनिवारी काय झालं ते त्या दोघींचं आहे, ते इथं लिहिणार नाही.

तुमच्याकडेही असं एखादं पत्र लिहायचं राहिलं असेल. लिहायला बसण्याआधी एक फोन करा, त्या माणसाला नव्हे, त्या दिवशी तिथं असलेल्या दुसऱ्या कुणाला, आणि विचारा : मी नव्हतो तेव्हा तिथं काय झालं?